शिक्का पावतीचा, मत कुणाचं?

गेल्या जूनमध्ये दाजी तासगावहून सांगलीला आले होते. काम मार्केट यार्डातलं होतं, पण जेवणं झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "हा पंप मागवायचा म्हणतोय. बघ जरा." द्राक्षांना त्यांच्याकडं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आहे. पण घरामागच्या वीस गुंठ्यांत टोमॅटो आणि वांगी असतात, त्यांना पाठीवरचाच पंप लागतो. मोबाइलवरचा पंप १६ लिटरचा होता, बॅटरीवर चालणारा, २,८९९ रुपयांचा. ४१२ जणांनी मिळून ४.२ स्टार दिलेले. "आणि हे बघ," दाजी म्हणाले, "एकेकाच्या नावाखाली 'व्हेरिफाइड परचेस' लिहिलंय. म्हणजे ज्यांनी घेतलाय त्यांनीच लिहिलंय. यात खोटं कसं असेल?"

दाजी सहज फसणारे नव्हेत. हळदीचं बेणं घेतानासुद्धा कांडं मोडून आतला रंग बघितल्याशिवाय ते पैसे काढत नाहीत. त्यांचा प्रश्न रास्तच होता. आणि त्याचं उत्तर त्याच खोलीत, खिडकीपाशी अभ्यास करत बसलं होतं.

माझा पुतण्या इथं इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडंच राहतो. त्यानं पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाला, "मामा, मी पण लिहिलेत असले रिव्ह्यू. माझ्या नावाखाली पण तेच लिहून येतं." सुरुवातीला तो जरा अडखळत बोलत होता, मग त्यानं सगळं सांगितलं. ते इथं तपशिलात देतो, कारण या तपशिलातच सगळं आहे.

टेलिग्रामवर 'रिव्ह्यू डील'चे ग्रुप असतात. ते चालवणाऱ्याला ही मुलं 'मीडिएटर' म्हणतात. विक्रेता आणि मुलं यांच्यामधला तो माणूस. तो एखाद्या वस्तूचा फोटो टाकतो आणि पुढं लिहितो, '१०० लेस'. म्हणजे ८९९ रुपयांचे इयरफोन असतील तर ७९९ परत मिळणार, वस्तू शंभरात पडणार. मुलानं स्वतःच्या खात्यावरून, स्वतःचे पैसे भरून, घरच्या पत्त्यावर ऑर्डर द्यायची. दिलेल्या लिंकवरून थेट जायचं नाही. वस्तूचा प्रकार टाइप करून शोधायचं, यादीत खाली सरकत यायचं, वाटेत दोन-तीन दुसऱ्या वस्तू उघडून बघायच्या, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकासारखं दिसतं. ऑर्डरचा स्क्रीनशॉट 'ऑर्डर फॉर्म'मध्ये भरायचा. वस्तू हातात आली तरी लगेच लिहायचं नाही, पाच-सहा दिवस जाऊ द्यायचे. मग पाच तारे, स्वतःच्या शब्दांत चार ओळी आणि घरात काढलेले दोन फोटो. रिव्ह्यू पानावर दिसायला लागला की त्याची लिंक 'रिफंड फॉर्म'मध्ये द्यायची. वस्तू परत करायची मुदत संपली की यूपीआयवर पैसे येतात. एकदा मीडिएटर गायबही झाला. १,२०० रुपये बुडाले आणि तक्रार कुठं करायची ते कळेना, कारण तक्रार करायची म्हणजे आधी आपण काय केलं ते सांगायला लागणार.

आता दाजींचा प्रश्न पुन्हा घेऊ. खरेदी झाली का? झाली. पैसे भरले का? पुरे भरले. वस्तू घरी आली का? आली. म्हणजे शिक्का खोटा नाही. अॅमेझॉन हा शिक्का देताना एवढंच बघतं, की वस्तू त्यांच्याकडून घेतली आहे आणि बहुतेकांना मिळते त्या किमतीला घेतली आहे. फ्लिपकार्टचा 'सर्टिफाइड बायर'ही खरेदीचाच दाखला देतो. गेलेले पैसे या शिक्क्याला दिसतात. दुसऱ्या वाटेनं परत आलेले पैसे दिसत नाहीत. तो पावतीवरचा शिक्का आहे आणि आपण तो मतावरचा समजून वाचतो.

हे फक्त आपल्याकडंच चालतं असं नाही. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांतल्या तीन संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशीच देवाणघेवाण करणाऱ्या फेसबुक ग्रुपांवर त्यांनी पाळत ठेवली होती. तिथंही खरेदी खरी आणि परतफेड मागच्या दारानं, अशीच रीत होती. रिव्ह्यू विकत घेणं चालू असेपर्यंत त्या वस्तूंचे तारे आणि विक्री दोन्ही वाढत होते. विकत घेणं थांबलं की तारे घसरत आणि एक-ताऱ्यांचं प्रमाण वाढत जाई. म्हणजे मधल्या काळात खरी गिऱ्हाइकं आली, फसली आणि मग त्यांनी लिहिलं. ती एक-तारेवाली माणसं म्हणजे या धंद्याचा खर्च आहे, आणि तो त्यांच्या खिशातून गेलेला असतो.

मग दाजींच्या पंपाचं पान आम्ही तिघं नीट वाचायला बसलो. तास-दीड तास गेला. आधी 'टॉप रिव्ह्यू' सोडून 'नवे आधी' असा क्रम लावला. लगेच दिसलं की मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाच-ताऱ्यांची झुंबड होती आणि त्याच्या आधी-नंतर तुरळक. पेरणीच्या आधी पंप जास्त खपतात, तेव्हा एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. पण त्या झुंबडीतल्या रिव्ह्यूंचा मजकूर बघा: 'पॅकिंग उत्तम', 'डिलिव्हरी वेळेआधी', 'दिसायला मजबूत', 'पैसा वसूल'. एका चार्जिंगला किती टाक्या होतात हे एकानंही लिहिलेलं नव्हतं. बॅटरीचा पंप घेणारा शेतकरी सगळ्यात आधी तेच विचारतो.

यात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती प्रामाणिक माणसालाही लागू होते. पंप घेतल्यावर आठवड्याभरात लिहिणाऱ्याला त्या पंपाबद्दल कळलेलं तरी काय असतं? या पंपांत बहुधा शिशाची, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. नवी असताना ती चांगलीच चालते. ती खरी कशी आहे ते दोन-तीन महिन्यांनी कळतं. हंगाम संपल्यावर उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि पुढच्या हंगामाला ती चार्ज धरत नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यातला पाच-तारा खोटा नसला तरी पोकळ असतो. तो पंपाबद्दल नसून खोक्याबद्दल असतो.

कामाचा मजकूर सापडला तीन-ताऱ्यांत. एकानं लिहिलं होतं: 'पहिल्या आठवड्यात एका चार्जिंगला १४ टाक्या मारल्या, दोन महिन्यांनी ५ वर आलाय. जुन्या पंपाची बॅटरी हाताला जड लागायची, ही हलकी आहे.' हे वाचून दाजी सरळ होऊन बसले. बॅटरीत शिसं किती घातलंय ते वजनावरून ओळखतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वरच्या अंकांपेक्षा या तीन ओळींनी जास्त सांगितलं, कारण लिहिणाऱ्यानं मोजलं होतं, आणि वेळ जाऊ देऊन मोजलं होतं.

एक-तारे सरसकट खरे मानायचे असंही नाही. मजकूर लिहिलेले एक-तारे २१ निघाले. त्यांतले पाच कुरिअरवाल्यावरच्या रागाचे होते, त्यांचा पंपाशी संबंध नाही. दोन नुसतेच 'बेकार' म्हणून मोकळे झालेले. उरलेले १४ बॅटरी उतरण्याचे आणि नळीच्या जोडाशी गळण्याचे होते. चौदा अनोळखी माणसं, निरनिराळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत त्याच दोन खोटींकडं बोट दाखवत होती. प्रतिस्पर्ध्यानं पैसे देऊन लिहून घेतलेला वाईट रिव्ह्यू बहुधा एवढा नेमका नसतो.

आणि मग पुतण्याला एक गोष्ट दिसली जी मला दिसली नव्हती. प्रत्येक रिव्ह्यूच्या वर बारीक, फिकट अक्षरांत कुठला प्रकार घेतला ते लिहिलेलं असतं. या एका पानावर एक मोटर, दोन मोटर, १८ लिटर असे प्रकार होते आणि एक हातानं दांडा मारायचा पंपही होता. सगळ्यांचे तारे एकाच बेरजेत. वर ठळक दिसणाऱ्या आठ चांगल्या रिव्ह्यूंपैकी चार त्या हातपंपाचे निघाले. ज्या पंपात बॅटरीच नाही त्याची तारीफ वाचून दाजी बॅटरीचा पंप घेणार होते! अमेरिकेत २०२३ साली तिथल्या व्यापार आयोगानं जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर नेमकी याच गोष्टीवरून कारवाई केली. वेगळ्या वस्तू एका पानावर जोडून जुन्या वस्तूचे तारे नव्या वस्तूला दिल्याबद्दल ६ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडं अशी पानं रोज दिसतात आणि आपण त्यांना 'पर्याय' म्हणून सोडून देतो.

आता जरा हिशेब करू. ४१२ जणांत पाच-तारे २९३, चार-तारे ३७, तीन-तारे १६, दोन-तारे ८ आणि एक-तारे ५८. सरळ सरासरी येते ४.२. समजा, यांतले १५० पाच-तारे विकतचे आहेत. किती आहेत ते मला माहीत नाही, पण धरून चालू. ते काढले तर उरतात २६२ आणि सरासरी येते ३.८. विकतचा एवढा मोठा ढीग उपसला तरी तारा अर्ध्यानंही हलत नाही. पण एक-ताऱ्यांकडं बघा. आधी सातांत एक जण फसलेला दिसत होता, आता पाचांत एकाहून जास्त दिसतो. सरासरी हा आकडाच असा आहे की त्यात बिघाड लपतो. म्हणून वरचा ठळक आकडा मी बघायचाच सोडलाय. खालच्या पाच पट्ट्यांतली शेवटची पट्टी आधी बघतो. आणि संकेतस्थळांवरचा तारा ही साधी सरासरी असतेच असं नाही. अॅमेझॉन स्वतःच सांगतं, की रिव्ह्यू किती नवा आहे, खरेदी करून लिहिलाय का, हे धरून ते आकडा काढतात. तेव्हा माझा हिशेब ढोबळ आहे. पण दिशा तीच राहते.

इथपर्यंत आलं की लोक म्हणतात, ग्राहकानं जागरूक राहावं. माझा खरा आक्षेप इथं आहे. २,८९९ रुपयांच्या पंपासाठी तीन माणसं दीड तास बसली. त्यांत एक जण त्या धंद्यात हात घालून आलेला होता, म्हणून फिकट अक्षरं दिसली. गावातल्या किती घरांत अशी तीन माणसं एका जागी बसतील? जे शोधायला आम्हाला दीड तास लागला, ते संकेतस्थळाकडं तयार पडलेलं असतं. पंप कधी पोचला आणि रिव्ह्यू कधी लिहिला, शंभरांतले किती पंप परत आले, कुठल्या प्रकाराचे किती आले, हे सगळं त्यांना माहीत असतं. २०२३ मध्ये अॅमेझॉननं अमेरिकेत 'ही वस्तू वारंवार परत येते' अशी सूचना पानावर दाखवायला सुरुवात केली. म्हणजे ही माहिती दाखवता येते. ती ज्याच्याकडं आहे त्यानं ती दाखवायची, की ज्याच्याकडं नाही त्यानं ती हुडकत बसायची, एवढाच सवाल आहे.

कायदा अगदीच गप्प नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात, की विक्रेत्यानं स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहू नये. पण पुतण्या ग्राहकच होता. पावती त्याच्या नावाची, पत्ता त्याचा. नियमाचे शब्द दारातून आत येणाऱ्या चोराला धरतात आणि रिव्ह्यू डीलवाला खिडकीतून येतो. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ओळख कशी पडताळायची, कुठले छापायचे, मजकुराशी छेडछाड करायची नाही, असं त्यात बरंच चांगलं आहे. पण ते आलं ऐच्छिक म्हणून. ज्याला खोट्या ताऱ्यांतून विक्री मिळते त्याच्या इच्छेवर हे सोडणं मला पटत नाही. ब्रिटननं ६ एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घातली, आणि रिव्ह्यू छापणाऱ्या संकेतस्थळांनीही ते रोखण्यासाठी वाजवी पावलं उचलली पाहिजेत असं बंधन घातलं. मला आपल्याकडं हेच हवं आहे, आणि त्यात तीन गोष्टी नेमक्या लिहिलेल्या हव्यात. प्रत्येक प्रकाराचे तारे वेगळे दाखवा. रिव्ह्यू वस्तू पोचल्यावर किती दिवसांनी लिहिलाय ते त्याच्या शेजारी छापा. आणि त्या वस्तूचं परत येण्याचं प्रमाण ताऱ्यांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रिव्ह्यू विकत घेता येतो. पण वैतागून पंप परत पाठवणाऱ्या शेतकऱ्याला गप्प बसवायला पैसे पुरत नाहीत.

यावर एक उत्तर असं येतं, की मग शिक्का नसलेलाच बरा होता का? नाही. शिक्क्यामुळं खोटं बोलणं महाग होतं, हे मी मानतो. हॉटेलांबद्दलच्या एका अमेरिकी अभ्यासात, जिथं कुणीही येऊन लिहू शकत होतं त्या संकेतस्थळावर, खोली घेतलेल्यांनाच लिहू देणाऱ्या संकेतस्थळापेक्षा, हेराफेरीच्या खुणा जास्त सापडल्या. कुंपण असावंच. पण कुंपणाला भगदाड आहे हे माहीत असताना त्यावर 'सुरक्षित' अशी पाटी लावू नये. आणि दुकानदार तरी कुठं धुतल्या तांदळासारखे असतात, असंही कुणी म्हणेल. खरं आहे. ज्या कंपनीचं कमिशन जास्त तोच पंप पुढं करणारे आम्ही पाहिलेत. वाड्या-वस्त्यांवरच्या माणसाला चौदा अनोळखी शेतकऱ्यांचा अनुभव घरबसल्या वाचता येतो, ही केवढी मोठी सोय आहे! ती सोय नासू नये म्हणून तर एवढं लिहितोय.

दाजींनी तो पंप मागवला नाही. दुसऱ्या दिवशी गणपती पेठेत गेलो. पंप ३,२०० ला पडला, म्हणजे तीनशे रुपये जास्त. दुकानदारानं टाकीत पाणी भरून, बटण चालू करून जोडाशी गळतं का ते दाखवलं. दाजींनी बॅटरी बाहेर काढायला लावली आणि हातावर तोलून बघितली. वॉशरचा संच आणि बदली बॅटरी त्याच दुकानात मिळते, हेही विचारून घेतलं. इतर वस्तू ते अजून मोबाइलवरून मागवतात, पण आधी तीन-तारे वाचतात.

पुतण्यानं त्या रात्री आपले जुने रिव्ह्यू काढून टाकले. चार होते. इयरफोनवाल्या पानावर आधी १,३०६ रेटिंग होती, दोन दिवसांनी त्यानं पुन्हा उघडून मला दाखवलं. १,३०५. तारे होते तेवढेच होते, ४.४.